शनिवारचे पक्षी आणि बुधवारचे पक्षी : यवतमाळ जिल्ह्यातील एका शालेय प्रकल्पाचा अभ्यास

पांढरकवड्याच्या बाजूला, कपाशी आणि तुरीच्या वावरांना लागून एक शाळा आहे. तिथेच कनिष्ठ महाविद्यालयाचे विज्ञानाचे वर्ग भरतात. आवार साधारण दोन एकरांचे. दर्शनी भागात मैदान, बाजूला तीन मोठे कडूनिंब आणि एक चिंच, पाण्याची टाकी, तिच्याखाली कायम ओला राहणारा तुकडा, खिचडी शिजवण्याचे टिनाचे शेड, आणि मागच्या कुंपणाच्या पलीकडे थेट कोणाच्या तरी वावराचा धुरा. अकरावीच्या पाच विद्यार्थ्यांनी या आवारातले पक्षी जुलैपासून एप्रिलपर्यंत मोजले. त्यांच्या शिक्षकांनी नोंदवही माझ्याकडे पाठवली, कारण निष्कर्षाबद्दल त्यांना खात्री वाटत नव्हती. मी शेजारच्या तालुक्यात जीवशास्त्र शिकवतो आणि असे प्रकल्प दरवर्षी पाहतो, पण इतकी प्रामाणिक नोंदवही क्वचितच हाती येते. दर मोजणीला तारीख, वेळ, हवामान, कोण मोजत होते, पक्षी कुठे बसला होता, हे सगळे लिहिलेले. म्हणूनच निष्कर्ष चुकला असूनही प्रकल्प वाचवता आला.

निष्कर्ष असा होता : एका मोजणीत पावसाळ्यात सरासरी 34 पक्षी, हिवाळ्यात 46, आणि उन्हाळ्यात 71. खाली कारणही दिले होते. उन्हाळ्यात रानात पाणी राहत नाही, म्हणून पक्षी शाळेच्या टाकीकडे येतात. ऐकायला अगदी पटणारे. विदर्भातला एप्रिल ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तर लगेच पटेल. स्तंभालेखही सुंदर काढला होता.

पण पाण्यामुळे पक्षी वाढत असतील तर टाकीजवळच्या मोजणीत वाढ जास्त दिसली पाहिजे आणि मागच्या धुऱ्याजवळ कमी. मुलांनी चार ठिकाणी उभे राहून मोजले होते : टाकी, कडूनिंब, मैदानाचा कोपरा, मागचे कुंपण. चारही ठिकाणी आकडा जवळपास सारख्याच पटीत वाढला होता. इथे पहिली शंका आली. आकडा वाढवणारी गोष्ट सगळ्या आवाराला एकदम लागू पडत असावी, आणि पाणी तर एकाच कोपऱ्यात होते.

मग वेळेचा रकाना पाहिला. गट आठवड्यातून दोनदा मोजत होता, बुधवारी आणि शनिवारी. बुधवारी शाळा साडेदहाला भरते, म्हणून मोजणी सव्वादहाच्या सुमारास, प्रार्थनेच्या आधी. शनिवारी सकाळची शाळा, म्हणून मोजणी सव्वासातला. आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून ऊन वाढले की सगळी शाळाच सकाळची होते, त्यामुळे तेव्हापासून दोन्ही दिवस मोजणी सकाळी सातच्या पुढे. म्हणजे मुलांनी ज्याला ऋतू म्हटले होते, त्याच्या आत शाळेचे वेळापत्रक दडलेले होते.

पक्षी दिवसभर सारखे दिसत नाहीत. सूर्योदयानंतरचा पहिला दीड-दोन तासांचा काळ त्यांच्या खाण्याचा, गाण्याचा, एका झाडावरून दुसऱ्यावर जाण्याचा असतो. दहाच्या पुढे बरेचसे सावलीत गप्प बसतात, किंवा वावरात दूरवर पांगलेले असतात. शिवाय सव्वादहाला आवारात दोन-तीनशे मुले आलेली असतात. मैदानावर उतरणारा पक्षी तेव्हा उतरतच नाही.

हे नुसते तर्काने सांगून भागत नाही, आणि इथे त्याची गरजही पडली नाही. पडताळणी नोंदवहीतच होती. मी गटातल्या मुलीला विचारले, हिवाळ्यातले बुधवार आणि शनिवार वेगळे काढून दाखवशील का. ती म्हणाली, "सर, शनवारी तं पाखरं जास्तच रायतेत, आमाले मालूम होतं. पण सरासरीत ते आलंच नाही." तिने काढलेले आकडे असे : हिवाळ्यात बुधवारची सरासरी 29, शनिवारची 63. नोव्हेंबर ते जानेवारी, तेच आवार, तेच पक्षी, तीच मुले, मध्ये फक्त तीन दिवसांचे अंतर. पावसाळ्यात बुधवारी 27, शनिवारी 43. आणि मार्च-एप्रिलमध्ये, जेव्हा दोन्ही दिवस सकाळचेच, तेव्हा बुधवारी 70 आणि शनिवारी 72. फरक नाहीसा झाला. बुधवारच्या पक्ष्यांना शनिवारच्या पक्ष्यांपासून वेगळे करणारी गोष्ट घड्याळ होती, हे यापेक्षा स्वच्छ दाखवता आले नसते. मला विचाराल तर या प्रकल्पातला सर्वांत मोलाचा शोध हाच आहे, आणि तो मुलांच्या हाती आधीपासूनच होता.

तेव्हा बुधवार बाजूला ठेवून फक्त शनिवार घेतले : 43, 63, 72. उन्हाळा अजूनही वर, पण दुप्पट वगैरे नाही.

आता दुसरी अडचण. चार ठिकाणी मोजून आलेले आकडे मुलांनी बेरजेने एकत्र केले होते. दोन एकरांच्या आवारात या ठिकाणांमधले अंतर पन्नास मीटरच्या आसपास भरते. साळुंकीला ते चार-पाच सेकंदांचे उड्डाण. एप्रिलमधल्या एका शनिवारची नोंद पाहा : टाकीजवळ 6 साळुंक्या, कडूनिंबाखाली 5, मैदानावर 7, कुंपणाशी 6. बेरीज 24. त्याच पानाच्या समासात एका मुलाने लिहून ठेवले होते, "एकाच वेळी जास्तीत जास्त 8 दिसल्या." म्हणजे आवारात आठ-दहा साळुंक्या फिरत होत्या आणि त्याच पुन्हा पुन्हा मोजल्या गेल्या. उन्हाळ्यात हे जास्त होते, कारण टाकी आणि झाडे यांच्यामध्ये पक्ष्यांच्या सारख्या फेऱ्या चालतात. पाण्याचा परिणाम होता तर तो असा होता : पक्ष्यांची संख्या वाढली असेल-नसेल, पण एकच पक्षी पुन्हा पुन्हा समोर येत होता.

यावर साधा उपाय असतो. प्रत्येक जातीसाठी चार ठिकाणांची बेरीज घेण्याऐवजी चारपैकी सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. वरच्या उदाहरणात साळुंकीसाठी 7. हा आकडा खऱ्यापेक्षा कमी असू शकतो, पण किमान तेवढे पक्षी नक्की होते असे ठामपणे म्हणता येते. बेरजेबद्दल तसे काहीच म्हणता येत नाही. सगळ्या शनिवारांचा हिशोब असा पुन्हा केल्यावर पावसाळा 18, हिवाळा 27 आणि उन्हाळा 29 झाला. हिवाळा आणि उन्हाळा आता इतके जवळ आले की त्यांच्यात फरक आहे असे म्हणण्याला आधार उरला नाही. एकेका शनिवारचे आकडेच 20 ते 36 च्या दरम्यान वरखाली होत होते.

पावसाळा मात्र खालीच राहिला. इथे मुलांना वाटले की निदान हा निष्कर्ष तरी पक्का. मी त्यांना घाई करू दिली नाही, कारण पावसाळ्यात पक्षी कमी असणे आणि कमी दिसणे या गोष्टी एकमेकींत फार गुंतलेल्या असतात. जुलैत कडूनिंब आणि चिंच पानांनी गच्च भरलेले असतात. टिनावर पाऊस वाजायला लागला की दहा पावलांवरचा आवाज ऐकू येत नाही. मैदानाच्या कडेला तरोटा आणि गाजरगवत गुडघ्याएवढे वाढते आणि जमिनीवरचा होला त्यात दिसत नाही. त्यात वेळेचा घोळ पुन्हा थोडा डोके वर काढतो. या भागात जुलैच्या सुरुवातीला सूर्य पावणेसहाच्या आत उगवतो आणि डिसेंबरअखेर पावणेसातच्याही नंतर. म्हणजे सव्वासात हे घड्याळात एकच असले तरी जुलैत सूर्योदय होऊन दीड तास झालेला असतो आणि डिसेंबरमध्ये जेमतेम अर्धा तास.

पाने आणि गवत हेच कारण आहे का, हे तपासायचे तर ज्यांना पाने-गवत लपवू शकत नाही असे पक्षी घ्यावे लागतात. मुलांनी "कुठे बसला होता" हा रकाना ठेवल्यामुळे ते जमले. विजेच्या तारेवर बसणारे कोतवाल, वेडे राघू आणि होले वेगळे काढले. तारेवरचे पक्षी तिन्ही ऋतूंत जवळपास तेवढेच निघाले. घट होती ती झाडांतल्या आणि जमिनीवरच्या पक्ष्यांत. त्यामुळे "पावसाळ्यात आवारातील पक्षी कमी होतात" हे वाक्य आम्ही काढून टाकले. त्याच्या जागी लिहिले, "पावसाळ्यात झाडांतील व जमिनीवरील पक्ष्यांची नोंद कमी झाली, तारेवरील पक्ष्यांत तसा फरक आढळला नाही." वाक्य लांब झाले, पण ते खरे आहे.

यातली एक नोंद मला फार आवडली. 15 ऑगस्टच्या आधी आवारातले गवत कापले गेले. त्याआधीच्या शनिवारी जमिनीवर एकच साळुंकी, त्यानंतरच्या शनिवारी सहा. मुलांचे म्हणणे, बघा सर, गवतामुळेच दिसत नव्हत्या. तसेही असेल. पण कापलेल्या गवतात किडे-नाकतोडे उघडे पडतात आणि साळुंक्या ते टिपायला मुद्दाम येतात, हेही तितकेच शक्य आहे. या एका नोंदीवरून दोन्हींत निवड करता येत नाही. पुढच्या वर्षी गवत अर्ध्याच मैदानातले कापून दोन्ही अर्धे पाहिले तर थोडे कळेल. मुख्याध्यापकांनी होकार दिला तर.

आतापर्यंत आकडे खाली येण्याचीच गोष्ट झाली. पण या नोंदवहीतून ऋतूंबद्दल ठाम काही सांगता येत होते का? येत होते. फक्त त्यासाठी एकूण पक्ष्यांची संख्या सोडून एकेका जातीकडे जावे लागले, आणि "किती दिसले" ऐवजी "किती मोजण्यांत सापडला" असे विचारावे लागले. शनिवारच्या मोजण्या पावसाळ्यात 7 आणि हिवाळ्यात 9 होत्या.

थिरथिरा घ्या. चिमणीएवढा, काळसर, पोट तांबूस. शाळेच्या छपराच्या कडेवर बसून शेपटी थरथरवत राहतो, म्हणून हे नाव. हा हिवाळी पाहुणा. हिवाळ्याच्या 9 पैकी 6 मोजण्यांत तो होता, पावसाळ्याच्या 7 पैकी एकातही नाही. आता कोणी विचारेल, पावसाळ्यातही असेल, तुम्हाला दिसला नसेल. याचे उत्तर हिशोबाने देता येते. हिवाळ्यात तो असूनही तीनपैकी एका मोजणीत निसटला, असे धरू. तो पावसाळ्यात असता आणि तितकाच सहज दिसणारा असता, तर सातही वेळा ओळीने निसटण्याची शक्यता एक तृतीयांश सात वेळा गुणून येते, म्हणजे 2187 मध्ये एक. छपरावर उघड्यावर बसणाऱ्या पक्ष्याला पाने लपवत नाहीत, म्हणून "तितकाच सहज" हे गृहीतही बरेचसे टिकते. तेव्हा तो पावसाळ्यात आवारात नव्हता असे लिहायला हरकत नाही.

आता हुदहुद्या घ्या. हिवाळ्यात एका मोजणीत दिसला, पावसाळ्यात शून्य. मुलांनी त्यालाही "हिवाळी पाहुणा" लिहिले होते. तोच हिशोब लावा : नऊपैकी आठ वेळा निसटणारा पक्षी पावसाळ्यात असूनही सातही वेळा निसटण्याची शक्यता आठ नवमांश सात वेळा गुणून सुमारे 44 टक्के. म्हणजे तो तिथे असेल किंवा नसेल, नोंदवही काहीच सांगत नाही. दोन्ही पक्ष्यांच्या पुढे पावसाळ्याच्या रकान्यात शून्यच आहे, पण एका शून्याला अर्थ आहे आणि दुसऱ्याला नाही. हा हिशोब अकरावीच्या मुलांनी फळ्यावर स्वतः केला. त्यानंतर "आढळला नाही" लिहिताना त्यांचा हात थोडा थांबू लागला.

पांढऱ्या धोब्याचेही थिरथिऱ्यासारखेच निघाले. टाकीखालच्या ओल्या तुकड्यावर तो हिवाळाभर शेपटी हलवत चालत असे आणि मार्च संपता संपता दिसेनासा झाला.

दयाळ मात्र फसवणारा पक्षी. मार्च-एप्रिलच्या प्रत्येक शनिवारी त्याची नोंद आहे, हिवाळ्यात नऊपैकी फक्त दोनदा. आकड्यांवरून तो उन्हाळी पाहुणा वाटावा. पण त्याच्या नोंदी "दिसला" आणि "फक्त ऐकला" अशा वेगळ्या केल्या तेव्हा चित्र उलटले. उन्हाळ्यातल्या बहुतेक नोंदी ऐकण्याच्या. विणीच्या काळात नर पहाटेपासून उंच शेंड्यावर बसून गातो, सगळ्या आवाराला ऐकू जाते. हिवाळ्यात तोच पक्षी कुंपणाखाली पाचोळा उकरत गप्प फिरतो. जिथे त्याचे घर आहे तिथे तो बारा महिने राहणारा पक्षी. कोकिळाचेही तेच. हिवाळ्यात कोकीळ कुठे जातो, असा प्रश्न गावात सगळेच विचारतात. तो चिंचेत गप्प बसलेला असू शकतो. आवाजावर मोजणी अवलंबून असेल तर कोणताही ऋतूबदल लिहिण्याआधी त्या पक्ष्याचा विणीचा काळ पाहावा लागतो.

आणखी एक गोष्ट थोडक्यात. जातींची संख्या जुलैतल्या 11 वरून नोव्हेंबरमध्ये 19 झाली होती. यातले काही पाहुणे खरेच आलेले, पण जुलै-ऑगस्टच्या पानांवर "छोटा पक्षी, तपकिरी" अशा बऱ्याच नोंदी आहेत आणि पुढे त्या नाहीशा होतात. मध्ये पक्षी सप्ताह होऊन गेला. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, म्हणजे 5 ते 12 नोव्हेंबर, राज्यात तो पाळला जातो. त्या आठवड्यात मुलांनी पुस्तक घेऊन वटवट्या, शिंजीर, चिमणीची मादी अशी ओळख पक्की केली. वाढलेल्या जातींमध्ये मुलांची वाढलेली ओळखही मिसळलेली आहे. जुलैपासून तुलना करायची तर ज्या जाती मुलांना पहिल्या दिवसापासून ओळखता येत होत्या, तेवढ्याच घ्याव्यात. ओळख करून घेण्याचा आठवडा मोजणी सुरू होण्याआधी यायला हवा, मोजणीच्या मध्ये नाही.

पुढच्या तुकडीसाठी शिक्षकांनी आणि मी मिळून पद्धत बदलली. चार ठिकाणे गेली. आता एकच वीस मिनिटांची ठरलेली फेरी, टाकीपासून निघून कुंपणालगत जाऊन परत. सुरुवात सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने. घड्याळाची वेळ महिन्यागणिक बदलते, ती वर्तमानपत्रातल्या सूर्योदयाच्या वेळेवरून ठरवतात. गावातल्याच मुलांना हे जमते. एसटीने येणाऱ्यांना जुलैत पोहोचता येत नाही, म्हणून मोजणारी जोडी गावातली आणि तक्ते, हिशोब बाकीच्यांकडे. एक मोजतो, एक लिहितो. प्रत्येक जातीसाठी एकाच वेळी दिसलेला सर्वांत मोठा आकडा. आवारावरून नुसते उडून जाणारे वेगळ्या रकान्यात, कारण सकाळी वावरांकडे निघालेल्या गायबगळ्यांचा थवा शाळेचा नसतो. पाऊस चालू असेल तर मोजणी नाही, दुसऱ्या दिवशी. प्रत्येक ऋतूत किमान आठ फेऱ्या. आणि खिचडीच्या भांड्यांभोवतीचे कावळे-साळुंक्या मोजायचेच असतील तर तो वेगळा प्रकल्प, वेगळ्या वेळी.

एवढे करूनही काही गोष्टी या आवारातून कळणार नाहीत, हे मुलांनी मर्यादांच्या परिच्छेदात लिहावे असा मी आग्रह धरला. दोन एकरांवरून गावातली किंवा तालुक्यातली पक्षीसंख्या सांगता येत नाही. पोपट कमी झाले की त्या महिन्यात पलीकडच्या वावरात ज्वारी भरली होती, हे आवारात उभे राहून ठरत नाही. एका वर्षाच्या नोंदींवरून "पक्षी घटत आहेत" असे तर अजिबात म्हणता येत नाही; त्याला त्याच पद्धतीने अनेक वर्षे मोजावे लागते.

बुधवारची सव्वादहाची वेळ वाया गेलेली नाही. ती फुलपाखरांना दिली आहे. त्यांना अंग तापवायला ऊन लागते, भल्या सकाळी ती फारशी उडत नाहीत, आणि दहाच्या पुढे ती आवारात भरपूर असतात. त्याच कुंपणालगत संथ चालत, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि समोर पाच मीटर एवढ्याच चौकटीतली मोजायची. बाहेरचे कितीही सुंदर असले तरी सोडून द्यायचे. तरोट्यावर पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, म्हणून गवत कापल्याची तारीख यंदा नोंदवहीच्या पहिल्याच पानावर लिहिली आहे, आणि कुंपणालगतचा चार हातांचा पट्टा न कापता ठेवायचे ठरले आहे.